थर्मोस्टॅट कमी केला, टायमर लावला, तरी जानेवारीत गिझरचं बिल फुगतंच: नेमकं कुठे बघायचं

नोव्हेंबर संपला की पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये हा विषय निघतो. ऑक्टोबरला दोनशेच्या आसपास असलेली युनिटं डिसेंबर-जानेवारीत तीनशेच्या वर जातात. मग कोणी थर्मोस्टॅट खाली आणतं, कोणी टायमर विकत घेतं, कोणी गिझरला जॅकेट घालायचं म्हणतं. महिन्याभराने बिल येतं आणि फरक जेमतेम शंभर रुपयांचा निघतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

हे उपाय चुकीचे नाहीत. पण गिझरची वीज दोन अगदी वेगळ्या वाटांनी जाते, आणि त्यातली तुमच्या घरी मोठी वाट कोणती हे न बघता उपाय केला, तर तो लहान वाटेवरच होतो. पहिली वाट म्हणजे अंघोळीला प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्यातली उष्णता. दुसरी म्हणजे टाकीत नुसतं उभं राहून, पाइपात पडून किंवा कुठून तरी गळून वाया गेलेली. थर्मोस्टॅट, टायमर आणि जॅकेट हे तिन्ही उपाय जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या वाटेवरचे आहेत. पहिलीला ते हातही लावत नाहीत.

हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. म्हणजे:

```
युनिट = लिटर × अंशांची वाढ ÷ ८६०
```

आता थंडीतली सकाळ धरा. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी साधारण २० अंशांचं असतं आणि आपण अंघोळ ४१ अंशांच्या आसपास करतो. १८ लिटरची बादली २१ अंशांनी तापवायची तर १८ गुणिले २१ भागिले ८६०, म्हणजे ०.४४ युनिट. हे पाणी गिझरमध्ये ७० अंशांवर तापवून त्यात भरपूर थंड मिसळलं काय किंवा ५० वर तापवून थोडं थंड मिसळलं काय, बादलीत शेवटी ४१ अंशांचं १८ लिटरच पाणी असतं, आणि त्याला ०.४४ युनिटच लागतं. थर्मोस्टॅट खाली आणल्यावर बिल अर्धं होईल ही अपेक्षा इथेच फसते.

उन्हाळ्यात हेच पाणी नळातूनच २८-३० अंशांचं येतं आणि कोमट पाण्याने काम भागतं, त्यामुळे बादलीला ०.१७ युनिटच्या आसपास पुरतं. थंडीत तीच बादली अडीचपट महाग पडते. जानेवारीच्या वाढीतला मोठा भाग हा आहे. तो गिझरचा बिघाड नाही.

आता शॉवर. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर देतो असं धरलं आणि सहा मिनिटं पाणी चालू राहिलं, तर ४८ लिटर झाले. त्याला १.१७ युनिट लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेतीन बादल्या. वरच्या मजल्यावर प्रेशर पंप बसवलेला असेल तर मिनिटाला १२ लिटरही सहज जातात, आणि मग एकाच अंघोळीचे पावणेदोन युनिट होतात. तुमच्या शॉवरचा आकडा काढायला मिनिटभरही लागत नाही: शॉवरखाली बादली धरा आणि घड्याळ लावून ती किती वेळात भरते ते बघा.

वाया जाणाऱ्या उष्णतेची मोजणीही घरीच होते, आणि माझ्या मते काहीही विकत घेण्याआधी ती करावीच. रात्री सगळ्यांचं उरकल्यावर गिझर चालू करा आणि हीटिंगचा दिवा जाईपर्यंत थांबा. दिवा गेला की स्विच बंद करा आणि वेळ लिहून ठेवा. रात्रभर गरम पाण्याचा कोणताही नळ उघडायचा नाही. सकाळी कोणी पाणी घेण्याआधी स्विच लावा आणि दिवा पुन्हा जायला किती मिनिटं लागतात ते मोजा. रात्री आणि सकाळी थर्मोस्टॅट एकाच तापमानाला तुटतो, त्यामुळे मधल्या काळात जितकी उष्णता गेली तितकीच या मिनिटांत भरून निघते. गिझर नुसता चालू ठेवून दिवा कधी लागतो याची वाट बघितली तर हा आकडा मिळत नाही, कारण थर्मोस्टॅट पाणी काही अंश उतरल्यावरच पुन्हा जुळतो.

दिव्याचा भरवसा नसेल तर मीटरकडे बघा. त्यावर लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असा काहीतरी आकडा छापलेला असतो. त्या मीटरवर २ किलोवॅटचा गिझर चालू असताना दिवा सेकंदाला जवळपास दोनदा लुकलुकतो. गिझरची वीज तुटली की हा वेग एकदम मंदावतो, लांबूनही कळतं.

एक घर उदाहरणाला घेऊ. कोथरूडमधला फ्लॅट, चार माणसं, २५ लिटरचा २ किलोवॅटचा गिझर. थर्मोस्टॅट ७० च्या आसपास आणि स्विच दिवसरात्र चालू, कारण ‘बंद-चालू केलं की जास्त वीज खातो’ असं कोणीतरी सांगितलेलं. आईवडील बादलीने अंघोळ करतात, दोन्ही मुलं शॉवरने. रात्रीच्या चाचणीत आठ तासांनंतर गिझर ९ मिनिटं चालला. २ किलोवॅट गुणिले ९ भागिले ६० म्हणजे ०.३ युनिट. चोवीस तासांचे झाले ०.९.

अंघोळींचा हिशेब: दोन बादल्यांचे ०.८८ आणि दोन शॉवरचे २.३४, मिळून ३.२ युनिट. त्यात ०.९ मिळवले की दिवसाला ४.१, महिन्याला साधारण १२३ युनिट. आता कुठला उपाय किती देतो ते याच घरात बघू. एका युनिटला सगळे आकार आणि वीज शुल्क धरून १३ रुपये पडतात असं मानतो. तुमचा आकडा तुमच्या बिलावर बघा.

थर्मोस्टॅट ७० वरून ५५ वर आणला तर काय होतं? टाकीतून बाहेर जाणारी उष्णता आतलं पाणी आणि बाथरूममधली हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. हवा २० अंशांची असेल तर हा फरक ५० वरून ३५ वर येतो, म्हणजे नुकसान तीस टक्क्यांनी घटतं. ०.९ चे ०.६३ झाले. महिन्याला आठ युनिट, शंभरेक रुपये. थर्मोस्टॅटची कमाई एवढीच, आणि तीही गिझर दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात.

तरी ५५ ते ६० वर आणणं योग्यच आहे. जड पाण्यात कमी तापमानाला क्षार कमी साचतात, चटका बसण्याचा धोका घटतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर ताण येत नाही. पण ५० च्या खाली जाऊ नये. कोमट पाणी टाकीत पडून राहिलं की लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात. गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परतलात, तर पहिल्यांदा ६० पर्यंत पूर्ण तापवून मगच पाणी घ्या. गिझरला बाहेर नॉब असेल तर सेटिंग तुम्हीच बदला. काही गिझरांत थर्मोस्टॅट खालच्या झाकणाआड असतो आणि तिथे वायरींची उघडी टोकं असतात. एमसीबी पाडल्याशिवाय ते झाकण काढायचं नाही, आणि सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवायचं.

एक गोष्ट बऱ्याच घरांत उलटी घडते. मुलांना लागोपाठ शॉवर पुरत नाही म्हणून थर्मोस्टॅट ७५ वर नेला जातो. २५ लिटर ६० अंशांवर तापवून ४१ चं पाणी कागदावर ४७ लिटर मिळतं, प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण वापरताना खालून थंड पाणी शिरत असतं. दुसऱ्या शॉवरआधी वीसेक मिनिटं थांबावं लागणं हे त्या आकाराच्या टाकीत स्वाभाविक आहे. तिथे थर्मोस्टॅट वाढवण्याऐवजी शॉवरचं पाणी कमी करणं हा खरा उपाय.

टायमरकडे येऊ. बंद-चालू केल्याने जास्त वीज लागते हा समज पूर्ण चुकीचा आहे. बंद गिझर थंड होत जातो तसतशी त्याची गळतीही कमी होत जाते, आणि सकाळी भरून काढावी लागणारी उष्णता दिवसभर चालू ठेवून घालवलेल्या उष्णतेपेक्षा नेहमीच कमी असते. आपल्या उदाहरणातल्या घरात गिझर फक्त सकाळच्या दीड-दोन तासांपुरता चालू ठेवला तर ०.९ पैकी ०.७ तरी वाचतात. महिन्याला २१ युनिट, पावणेतीनशे रुपये. मात्र हे वाचले की थर्मोस्टॅटच्या बचतीतलं फारसं काही उरत नाही. दोन्ही आकडे एकमेकांत मिळवू नका, नुकसान एकदाच वाचतं.

टायमर असूनही उष्णता वाया जाते ती अशी: पहिला माणूस साडेसहाला, दुसरा साडेआठला, तिसरा अकराला, आणि प्रत्येक वेळी टाकी पूर्ण तापलेली. शेवटच्या अंघोळीनंतर टाकीत वीस लिटर कडक पाणी उरतं आणि संध्याकाळपर्यंत भिंतींना उष्णता देत बसतं. चांगला क्रम म्हणजे अंघोळी लागोपाठ, आणि शेवटचा माणूस आत गेला की स्विच बंद. त्याला टाकीत उरलेलं पाणी पुरतं. हे जमणाऱ्या घरात टायमरशिवायही काम होतं.

टायमर घेणार असाल तर तो १६ अँपिअरचाच घ्या. २ किलोवॅटचा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो, तेही अर्धा अर्धा तास सलग. १० अँपिअरच्या स्वस्त प्लग टायमरवर तो काही दिवस चालतो, मग आतले संपर्क तापून प्लास्टिक पिवळं पडतं. प्लग काढल्यावर पिना हाताला गरम लागल्या तर तो टायमर त्याच दिवशी बदला. फिरत्या चकतीच्या टायमरची आणखी एक अडचण आहे. वीज गेली की त्याची चकती थांबते. आपल्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी दोन-तीन तास वीज बंद राहिली की शुक्रवारी सहाचा गिझर आठ-नऊला लागतो, आणि घरात कोणी नसताना टाकी तापते. बॅटरी असलेला डिजिटल टायमर किंवा वायफायचा १६ अँपिअरचा प्लग घेतला की ही कटकट उरत नाही.

जॅकेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: गेल्या काही वर्षांतल्या स्टार रेटिंगच्या गिझरला ते घालू नका. त्यांच्या आत फोमचा जाड थर असतोच. पाणी तापलेलं असताना बाहेरच्या पत्र्याला हात लावा. पत्रा जवळपास खोलीइतकाच थंड असेल तर जॅकेटने वाचण्यासारखं काही नाही, उलट खालची वायरिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह झाकले जातात. पत्रा चांगला उबदार लागत असेल आणि चाचणीत आठ तासांना १५ मिनिटांच्या वर वेळ येत असेल, तर आतलं इन्सुलेशन गेलं आहे. अशा जुन्या गिझरला जॅकेट घालण्यापेक्षा तो बदलावा. नवीन घेताना लेबलवर चोवीस तासांचं नुकसान युनिटमध्ये छापलेलं असतं, तो आकडा बघा.

इन्सुलेशन लावायचंच असेल तर ते पाइपाला लावा. गिझरमधून निघणाऱ्या गरम पाण्याच्या उघड्या पाइपावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काळी नायट्राइल फोमची नळी चढवली की पहिल्या मीटर-दोन मीटरमधला अपव्यय थांबतो. माळ्यावरचा एक गिझर दोन बाथरूमना पाणी देत असेल तर पाइपाकडे जास्तच लक्ष द्या. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरला सुमारे पाव लिटर पाणी मावतं. दहा मीटरच्या पाइपात अडीच लिटर गरम पाणी अडकतं, आणि पुढची अंघोळ तासाभराने असेल तर ते सगळं थंड झालेलं असतं. एका वेळेला ०.१२ युनिट. दिवसात चार वेळा झालं की अर्धं युनिट गेलं, आणि हे रात्रीच्या चाचणीत दिसत नाही.

तसाच न दिसणारा चोर म्हणजे बेसिनचा एका दांडीचा मिक्सर. दांडी मधोमध असताना हात धुतले की गरम बाजूनेही पाणी ओढलं जातं. ते नळापर्यंत पोहोचण्याआधीच आपण नळ बंद करतो, म्हणून पाणी गारच लागतं आणि काही कळत नाही. टाकीतून मात्र गरम पाणी पाइपात गेलेलं असतं आणि तेवढंच थंड आत आलेलं असतं. दांडी कायम थंड बाजूला वळवून ठेवणं हा फुकटचा उपाय आहे. घरातल्या लहान मुलांनाही तो लगेच जमतो.

आता आधी सांगितलेल्या हिशेबात न बसणारी लक्षणं. कोणी अंघोळ करत नसताना दिवा वारंवार लागत असेल, तर दोन ठिकाणी बघा. पहिलं म्हणजे गिझरला पाणी आणणारा थंड पाइप. टाकी तापल्यावर अर्ध्या तासाने त्याला हात लावा. गिझरजवळ वीतभर गरम असणं ठीक आहे, पण हातभर अंतरावरही तो गरम असेल तर आतला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला आहे आणि गरम पाणी मागे थंड लाइनीत जातं आहे. थंड नळ उघडल्यावर आधी क्षणभर कोमट पाणी येतं, तेही याचंच लक्षण. व्हॉल्व्ह बदलणं प्लंबरचं छोटं काम आहे.

दुसरं म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हची ठिबक. पाणी तापताना फुगतं, त्यामुळे २५ लिटर तापताना पेलाभर-दोन पेले पाणी ठिबकणं स्वाभाविक आहे. ते घाबरून बुच लावून बंद करू नका, तसं केलं तर टाकी फुटू शकते. पण दिवा गेल्यावरही ठिबकत राहिलं तर खाली भांडं ठेवून तासभर मोजा. तासाला ४०० मिलिलिटर म्हणजे दिवसाला साडेनऊ लिटर, आणि ४० अंशांची वाढ धरून जवळजवळ ०.४५ युनिट.

क्षारांविषयी एक खुलासा करतो, कारण त्यावर बरेच पैसे खर्च होतात. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या भागांत, वाघोली-उंड्रीकडे किंवा हिंजवडीच्या बाजूला, कॉइलवर पांढरा थर बसतो आणि ‘त्यामुळे बिल वाढलं’ असं सांगितलं जातं. कॉइल पाण्यातच बुडालेली असते. थर बसला तरी तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे युनिट फारसे वाढत नाहीत. थराचं नुकसान वेगळं आहे: कॉइल आतून जास्त तापून लवकर जळते, गिझर करकर आवाज करतो आणि थर्मोस्टॅटच्या दांडीवर थर बसला तर तो उशिरा तुटतो. म्हणून साफसफाई करा, पण बिल कमी होईल या आशेने नको.

मग त्या कोथरूडच्या घरात सर्वांत मोठी बचत कशात? शॉवरमध्ये. मिनिटाला ५ लिटर देणारा शॉवर हेड बसवला आणि वेळ सहा मिनिटंच ठेवली तर ४८ ऐवजी ३० लिटर लागतात. दोन मुलांचे मिळून दिवसाला ०.८८ युनिट वाचतात, महिन्याला २६ युनिट, तीनशे चाळीस रुपये. मुलांनी थंडीचे तीन महिने बादली घेतली तर महिन्याला ४४ युनिट. साबण लावताना पाणी बंद ठेवलं तरी निम्मं काम होतं. प्रेशर पंप असेल तर शॉवरच्या लाइनीवरचा कॉक थोडा आवळून बघा, त्याला पैसेही लागत नाहीत. एवढंच सांभाळा की हे सगळं टाकीच्या गिझरसाठी आहे. गॅस गिझर ठरावीक प्रवाहाखाली लागतच नाही.

टायमर आणि नवा शॉवर हेड मिळून हे घर दिवसाला ४.१ वरून अडीच युनिटवर येतं. महिन्याला ४८ युनिट, सव्वासहाशे रुपये. घराचा बाकीचा वापर २०० युनिट असेल तर आधी गिझरसकट ३२३ होत होते, म्हणजे वरचे २३ युनिट महावितरणच्या ३०१ ते ५०० च्या महागड्या टप्प्यात जात होते. वाचलेले युनिट नेहमी वरूनच कापले जातात, त्यामुळे त्या २३ युनिटची बचत १३ पेक्षा जास्त दराने होते.

पुढचं बिल तपासताना रक्कम बघू नका, कारण दर, इंधन समायोजन आणि बिलाचे दिवस बदलत असतात. युनिटांना बिलाच्या दिवसांनी भागा आणि रोजचा आकडा मागच्या जानेवारीच्या आकड्याशी लावून बघा. तो दीडेक युनिटने उतरला नसेल तर आधी रात्रीची चाचणी पुन्हा करा. चाचणी ठीक आली तर दुपारी घरात कोणी नसताना गिझरचा एमसीबी पाडून मीटरचा दिवा बघा. तरीही तो भराभर लुकलुकत असेल, तर वीज गिझर नव्हे, दुसरंच कुठलं उपकरण ओढतं आहे.